भाड्याचा रकाना

चष्म्यांची भिंगं घासण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती, म्हणून गल्लीत त्यांना सगळे भिंगवालेच म्हणत. वय एक्कावन्न. कारखान्यात साठाव्या वर्षी निरोप देत, आणि तेव्हा हातात पडणारी रक्कम किती, हे भिंगवाल्यांनी मागच्या वर्षी ऑफिसात जाऊन विचारलं होतं. आकडा ऐकल्यापासून त्यांच्या डोक्याला भुंगा लागला तो लागलाच.

घर स्वतःचं होतं. खाली दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. या गच्चीवर एक खोली बांधायची, भाड्याने द्यायची, आणि साठीनंतर त्या भाड्यावर दोघांनी निवांत राहायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. कामावरून आले की चहाचा कप हातात घेऊन ते थेट वर जात. टेप लावून मोजत. दहा बाय बारा. मग बारा बाय बारा. मग दार कुठे, खिडकी कुठे. बायको खालून ओरडायची, "अहो, गच्ची काय रोज वाढतेय का?"

बायको सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात संध्याकाळच्या पाळीला जायची. चार ते नऊ. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. गरम चादरी झटकून, घड्या घालून तिचे खांदे रात्री ठणकत, पण तिने कधी कुरकुर केली नव्हती. भिंगवाल्यांच्या पगारात घर चालायचं, शिल्लक काही उरायची नाही. तिचे सहा हजार मात्र बाजूला पडायचे. असे साठत साठत एक लाख वीस हजार झाले होते. भिंगवाल्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "खोलीत भाडेकरू आला, की तू ती पाळी सोडायचीस. माझा शब्द."

हिशेब मांडून दिला मेहुण्याने. मेहुणा घरं भाड्याने लावून देण्याची दलाली करायचा. बोलका माणूस, खिशात कायम दोन पेनं.

"दाजी, यात विचार करण्यासारखं आहे काय?" तो म्हणाला. "मिस्त्रीने चार लाख साठ हजार सांगितलेत ना? साठ हजार घरातले घाला. चार लाखांचं कर्ज काढा, अकरा टक्क्यांनी, सात वर्षांचं. हप्ता बसतो सहा हजार आठशे एकोणपन्नास. तुमच्या भागात खोलीला भाडं सात हजार. खोलीच स्वतःचा हप्ता फेडणार, वर दीडशे रुपये तुमच्या खिशात. शिवाय भाडेकरूची अनामत चौदा हजार येईल ती वेगळीच. त्यात पंखे, नळ, रंग सगळं भागतं."

भिंगवाल्यांनी तो कागद चारदा घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि सोमवारी अर्धी रजा टाकून पतपेढीत गेले.

कर्ज विभागात एक बाई बसत. निवृत्तीला आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पगाराची स्लिप पाहिली, घराचे कागद पाहिले, घर वरचा मजला पेलेल की नाही याचा इंजिनियरचा दाखला आणि बांधकामाची परवानगी आणायला सांगितली. मग अर्जावर बोट फिरवत एका रकान्याशी थांबल्या. 'अपेक्षित भाडे.' भिंगवाल्यांनी तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं, दरमहा सात हजार.

"सात हजार कोण देतं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... तोच दर आहे आमच्याकडे."

"दर कुठे पाहिलात?"

"पाट्या लागल्यात ना कोपऱ्यावर. 'खोली भाड्याने देणे आहे, सात हजार.' आणि आमचा मेहुणाही याच धंद्यात आहे."

बाई हसल्या नाहीत. "पाटीवर मागणाऱ्याचा आकडा असतो. देणाऱ्याला विचारलंत?"

भिंगवाल्यांनी अर्जातला आकडा पुन्हा वाचला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "तुमचा पगार आणि घर बघून मी हे कर्ज मंजूर करू शकते. आमचा हप्ता पगारातून कापला जाईल, खोली भरलेली असो नाहीतर रिकामी. त्यामुळे हा रकाना आमच्या फारसा कामाचा नाही. तुमच्या कामाचा आहे. तो नीट भरून आणा. वर्षाचे बारा महिने धरू नका, दहा धरा. एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो. घरपट्टी वाढेल ती वजा करा, डागडुजी वजा करा, दलाली वजा करा. आणि ही अनामत कशाला लिहिलीत इथे? ती तुमची नव्हे, जाताना परत द्यायची असते. पंख्यात घालवलीत तर परत कुठून द्याल?"

भिंगवाले घाम पुसत बाहेर आले. बाईंचा राग आला होता. पण त्यांनी एवढं साधं विचारलं आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही, याचा राग जास्त होता.

त्या सोमवारपासून तीन दिवस ते थेट घरी आले नाहीत. चालत राहिले. ज्या ज्या घरावर वरची खोली दिसेल तिथे थांबायचं, घसा खाकरायचा, आणि अनोळखी माणसाला विचारायचं, तुम्ही भाडं किती देता? पहिल्या दिवशी दोन दारांवरून ते न विचारताच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी जरा सराव झाला.

मागच्या गल्लीत एक नर्स राहायची. दोरीवरचे कपडे काढता काढता ती म्हणाली, "बावन्नशे. पाटीवर सात होते हो. मी म्हटलं, काका, बावन्नशेच्या वर एक पैसा नाही. ते दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी किल्ली दिली. त्याआधी खोली तीन महिने बंद होती ना."

पुढच्या चौकातल्या घरमालकाने, निवृत्त पोस्टमनने, भिंगवाल्यांना आत बोलावून पाणी दिलं. "माझी? माझी चार महिने रिकामी आहे. कुणाला सांगू नका, नाहीतर लोक भाव पाडून मागतात."

आणखी एक घरमालक भाडं साडेपाच हजार घेत होता, म्हणजे घेणार होता. दोन महिन्यांचं थकलं होतं, आणि भाडेकरू भला असल्यामुळे त्याला हाकलवत नव्हतं.

गुरुवारी भिंगवाल्यांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून नवा कागद घेतला. बावन्नशे गुणिले दहा, बावन्न हजार. वाढीव घरपट्टी चोवीसशे वजा. डागडुजी, रंग छत्तीसशे वजा. अर्ध्या महिन्याची दलाली सव्वीसशे वजा. उरले त्रेचाळीस हजार चारशे. भागिले बारा. तीन हजार सहाशे सोळा.

हप्ता सहा हजार आठशे एकोणपन्नास.

दर महिन्याला तीन हजार दोनशे तेहतीस खिशातून. आणि खोली रिकामी असेल त्या महिन्यात सगळेच्या सगळे. म्हणजे बायकोचे सहा हजार घातले तरी वर साडेआठशे कमी. भिंगवाल्यांनी बेरीज पुन्हा केली. वजाबाकी पुन्हा केली. शेजारच्याकडून कॅलक्युलेटर घेऊनही केली. आकडा हलायला तयार नव्हता.

घरी आले तेव्हा बायको पाळीला गेली होती. मेहुण्याने मांडून दिलेला जुना कागद, सात हजारांचा, तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. भिंगवाल्यांनी कपाट उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं.

बायकोला सांगणं लांबतच गेलं. शुक्रवारी सांगू म्हणाले, शुक्रवारी पाहुणे आले. रविवारी सांगणार होते, पण जेवताना तीच म्हणाली, "आमच्या पाळीतल्या दोघीजणी विचारत होत्या, सोडतेस का गं खरंच? मी म्हटलं, आमच्या ह्यांनी शब्द दिलाय." भिंगवाल्यांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं. त्या रात्री ते चार वेळा उठून पाणी प्यायले. कारखान्यात दोन भिंगं चुकीच्या नंबरवर घासली गेली. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकाने दोन्ही भिंगं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मेहुण्याला मात्र त्यांनी फोन लावला. "अरे, बावन्नशेच्या वर कुणी देत नाही इथे."

"दाजी, तुम्ही विचारलंतच कशाला लोकांना? नवीन खोलीला नवा भाव मिळतो."

"मिळाला नाही तर?"

"नाही मिळाला तर बघू ना तेव्हा."

"तेव्हा हप्ता तू भरणार का?"

मग मेहुणा म्हणाला, "दुसरा फोन येतोय, दाजी. ठेवतो."

सोमवारी, म्हणजे पतपेढीत जाऊन आल्याला बरोबर चौदा दिवस झाले तेव्हा, दुपारी अडीचला बायकोचा कारखान्यात फोन आला. आवाजात वेगळीच उमेद. "अहो, ऐका, आमच्या मुकादमबाई म्हणतात, खोली झाल्यावर सोडायचं असेल तरी आजच लिहून द्यायला हवं. माझ्या जागी माणूस मिळायला त्यांना महिने लागतात. मी अर्ज लिहिलाय. आज देऊन टाकते."

"थांब," भिंगवाले म्हणाले. पण आजूबाजूला घासण्याच्या यंत्रांचा आवाज इतका होता की तिला ऐकू गेलं नसावं. फोन बंद झाला होता. परत लावला तर कुणी उचलला नाही.

त्यांनी एप्रन काढून खुंटीला टांगला, मालकाला "घरचं काम निघालंय" एवढं म्हटलं, आणि निघाले. बस यायला वीस मिनिटं होती. त्यांना उभं राहवेना, तीन स्टॉप चालत गेले, आणि मग मागून बस आली ती त्यांच्या शेजारून न थांबता निघून गेली. उरलेलं अंतर ते जवळजवळ धावले.

धुलाईघर दवाखान्याच्या मागे होतं. दारातच वाफेचा लोट अंगावर आला. आत मोठी मशीन घरघरत होती, आणि लांबलचक टेबलाशी बायका जोडीजोडीने चादरी ओढून घड्या घालत होत्या. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको टेबलाच्या टोकाला होती, चादरीचं एक टोक हातात धरून जोडीदारणीची वाट बघत. नवऱ्याला बघून ती दचकली.

"काय झालं? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. अर्ज दिलास का?"

"अजून नाही. मुकादमबाई स्टोअरमध्ये गेल्यात. झालंय काय पण?"

भिंगवाल्यांनी टेबलाकडे, बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मागे गरम चादरींचा ढीग वाढत होता. बायको म्हणाली, "बोलायचं असेल तर हे टोक धरा. माझी जोडीदारीण आली नाही अजून, काम तुंबेल."

त्यांनी टोक धरलं. कापड इतकं तापलेलं होतं की बोटं मागे घ्यावीशी वाटली. ओढा, ती म्हणाली. त्यांनी ओढलं. आता चाला माझ्याकडे. ते चालले. दोघांची टोकं जुळली तेव्हा भिंगवाले अगदी तिच्यासमोर उभे होते.

"सात हजार भाडं येणार नाही," ते म्हणाले. "बावन्नशे येईल. तेही दहा महिने. सगळं वजा जाता महिन्याला छत्तीसशे पडतात. हप्ता अडुसष्टशे एकोणपन्नास. तू पाळी सोडलीस तर आपल्याला झेपणार नाही. सोडली नाहीस तरी, खोली रिकामी असेल त्या महिन्यात झेपणार नाही."

बायकोने घडी घातली. बाजूला ठेवली. दुसरी चादर उचलली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गेल्या गुरुवारी... म्हणजे त्याच्या आदल्या गुरुवारी."

"अकरा दिवस झाले."

"हो."

"आणि मी अकरा दिवस सगळ्यांना सांगत फिरतेय की मी सुटले."

तिने चादर अशी झटकली की भिंगवाल्यांच्या हातातलं टोक निसटलं. आजूबाजूच्या बायका मान न वळवता कान टवकारून होत्या. "आकड्याचं मला काही नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "आकडा कमी निघाला तर निघाला. पण तुम्ही मला शेंडी लावलीत. घरात. जेवायला समोर बसून."

भिंगवाल्यांनी खाली पडलेलं टोक उचललं. "मला लाज वाटली," ते म्हणाले. "शब्द दिला होता ना."

तिने पुढची चादर ओढली. दोघांनी मिळून अकरा चादरींच्या घड्या घातल्या. मग मुकादमबाई आल्या, त्यांनी भिंगवाल्यांकडे आणि मग टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. बायकोने अर्ज उचलून साडीच्या पदरात खोचला. "सध्या नको, ताई," ती म्हणाली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कपाटातला जुना कागद फाडून काढला आणि नव्या कागदासह टेबलावर ठेवला. "मिस्त्रीला बोलवा," ती म्हणाली. "चार साठ कशाचे आहेत ते मला एकेक करून सांगू दे."

मिस्त्री आला. तो प्रामाणिक होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. बायको विचारत गेली. जिना सिमेंटचा कशाला, लोखंडी केला तर? लोखंडी बराच स्वस्त, पण लोक कुरकुर करतात, म्हातारी माणसं चढत नाहीत. वेगळं स्वयंपाकघर कशाला? ओटा भिंतीला लावला तर एक भिंत वाचते. संडास-बाथरूम मात्र स्वतंत्र हवंच, त्याशिवाय भाडेकरू फिरकत नाही. बारा बाय बारा कशाला, दहा बाय बारा? असं करत करत मिस्त्री तीन लाख चाळीस हजारांवर आला.

"आणि बांधताना वाढतं किती?"

मिस्त्री ओशाळून हसला. "वाढतंच थोडं, वहिनी. चाळीस हजार धरून ठेवा."

साचलेल्यातले एक लाख वीस हजार सगळे घालायचे, कर्ज फक्त दोन लाख साठ हजारांचं. हप्ता चार हजार चारशे बावन्न. बायकोने पेन्सिल दातात धरून वजाबाकी केली. "खोली भरलेली असली तर सरासरीने आठशे-साडेआठशे आपल्याला घालावे लागतील. रिकामी असली तर साडेचार हजार. माझे सहा आहेत तोवर खोली वर्षभर रिकामी राहिली तरी आपण बुडत नाही." ती थांबली. "मी पाळी सोडत नाही. आधी साडेचार हजारांचे सहा हप्ते बाजूला साठू देत. मग बघू."

"पण मी शब्द..."

"तुमच्या शब्दाचं राहू द्या. हे मी ठरवतेय."

पतपेढीतल्या बाईंनी नवा अर्ज वाचला. अपेक्षित भाडे, बावन्नशे, वर्षाला दहा महिने. बाजूला वजावटी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि सही केली. पैसे तीन टप्प्यांत मिळाले, भिंती झाल्यावर, स्लॅब पडल्यावर, गिलावा झाल्यावर, आणि तोवर उचललेल्या रकमेचं नुसतं व्याज भरायचं होतं. बांधकामाने वरच्या चाळीसातले एकतीस हजार खाल्ले. पाण्याची टाकी कुणी धरलीच नव्हती.

खोली तयार झाली, खिडकीला निळा रंग लागला, आणि हप्ता पगारातून कापला जायला लागला. भाडेकरू काही येईना. मेहुणा पहिल्याच आठवड्यात एका शिक्षिकेला घेऊन आला. तिला खोली आवडली, पण तिच्या वडिलांनी लोखंडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच कठडा घट्ट धरला आणि मान हलवली. नंतर एकाला बारा महिन्यांसाठी माल ठेवायला हवी होती, रंगाचे डबे आणि थिनर. साडेसहा हजार देत होता. मेहुणा डोळ्यांनी खुणावत होता. बायको म्हणाली, "खाली आम्ही झोपतो. वर थिनर नको." तो गेला.

पहिला महिना रिकामा गेला. दुसराही. भिंगवाल्यांना जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आलं कोणी. मांजर असायचं. पगाराच्या दिवशी स्लिपवर कापलेला हप्ता पाहिला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "आपण चुकलो का गं?" ते विचारायचे. ती म्हणायची, "दोन महिने रिकामे धरलेच होते ना आपण?" तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मात्र तिनेही विचारलं नाही, त्यांनीही नाही. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

चौथ्या महिन्यात एक बेकरी कामगार आला. पावाच्या भट्टीवर काम, तिशीचा, केसांत पीठ. खोली बघितली, नळ उघडून पाण्याचा जोर बघितला, आणि म्हणाला, "मी दिवसा झोपतो. खाली आवाज किती असतो?"

"माझा नवरा दिवसभर कामावर, मी संध्याकाळी," बायको म्हणाली. "सकाळी भांडी वाजतात, ती थांबणार नाहीत."

"भाडं?"

भिंगवाल्यांनी श्वास घेतला. "बावन्नशे."

"अठ्ठेचाळीस देईन. वेळेवर देईन."

भिंगवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने बोटावर काहीतरी मोजलं. "एकोणपन्नास," ती म्हणाली. सौदा झाला. अनामत त्यांनी पतपेढीतच वेगळ्या खात्यात ठेवली आणि पासबुक कपाटात तळाशी.

वर्ष संपलं तेव्हा दोघांनी बसून खरा जमाखर्च मांडला. नऊ महिन्यांचं भाडं आलं होतं, चव्वेचाळीस हजार शंभर. वजावटी जाता सरासरी जेमतेम तीन हजार. ठरवल्यापेक्षा कमी. भिंगवाल्यांचा चेहरा पडला. बायको म्हणाली, "पहिले तीन रिकामे होते. पुढच्या वर्षी ते नसतील."

"कशावरून?"

"नाहीच कशावरून. आपण धरूया की असतील."

सहा हप्त्यांची शिल्लक तोवर जमली होती, पण तिने आणखी पाच महिने वाट पाहिली. मग तिने अर्ज दिला, आणि पूर्ण नाही, आठवड्यातले तीन दिवस ठेवून बाकीचे सोडले. मुकादमबाई म्हणाल्या, तीन हजार मिळतील. ती म्हणाली, चालेल, तेवढे पुरतात.

पहिल्या मोकळ्या मंगळवारी चार वाजले तशी ती उठली, चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि थांबली. परत आली. डबे पुसले, धुतलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या, खिडकीतून बाहेर बघितलं. भिंगवाले सव्वासहाला घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"काय गं?"

"काही नाही. चला कुठेतरी," ती म्हणाली. "मला बसवत नाहीये."

चहाही न घेता ते तिच्याबरोबर बाहेर पडले.